फुल-टाइम माणसाला पार्ट-टाइम करायचंय, पत्रात नक्की काय काय लिहू? (पगार, रजा, विमा आणि परत यायची वाट)

कागदी_घोडा
मंडळी, मदत हवीये. आमचं पंधरा-सोळा जणांचं ऑफिस आहे, एचआर असं वेगळं काही नाही, पगारही मीच करतो, हजेरीही मीच बघतो आणि पत्रंही मीच टाइप करतो. अकाउंट्स बघणाऱ्या एक मॅडम आहेत, आठ वर्षं झाली त्यांना इथे, काम एकदम चोख. त्यांना १ जुलैपासून आठवड्याचे तीनच दिवस यायचंय, साधारण वर्षभर, मग पुन्हा पूर्णवेळ यायची इच्छा आहे. आत्ता पाच दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४० तास. ते २४ होणार. पगार समजा ५०,००० (खरा आकडा देत नाही, हिशोबाला सोपा घेतलाय). साहेब तयार आहेत, म्हणाले देऊन टाक पत्र.
मी हे लिहिलंय, बघा बरं पुरेल का:
"आपणांस १ जुलैपासून अर्धवेळ करण्यात येत आहे. आपला पगार व इतर लाभ त्या प्रमाणात राहतील. पुढे परिस्थितीनुसार आपणांस पुन्हा पूर्णवेळ करण्याबाबत विचार केला जाईल."

सरळ_गणित
एवढं काय त्यात, २४ भागिले ४० म्हणजे ०.६. सगळ्याला ०.६ ने गुणा. पगार ३०,०००, रजा २० दिवस असतील तर १२, शिल्लक रजा असेल तीही ०.६, भत्ते ०.६, विमा ०.६, विषय संपला. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

तिरका_कोन
विमा ०.६ म्हणजे काय रे, डावा पाय कव्हर नाही?

निवांत_एकदाचा
माझं जरा वेगळं मत आहे, तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून काम हे आजकाल सगळीकडे चालतं, त्यासाठी पगार कापायची काय गरज? आमच्याकडे तर कुणाचाच कापला नाही.

कागदी_घोडा
@निवांत, अहो घरून काम नाही, कामच कमी करायचंय. त्या दोन दिवसांत त्या काम करणारच नाहीत.

निवांत_एकदाचा
अच्छा अच्छा, मी अर्धंच वाचलं. चालू द्या.

पगारपत्रक
कागदी_घोडा, तुमच्या पत्रात तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही वाक्यांवर पुढे भांडण होऊ शकतं. मी बरीच वर्षं पगाराचं काम करतेय म्हणून सांगते, राग मानू नका.

पहिलं वाक्य, "करण्यात येत आहे". विनंती त्यांची आहे ना? मग तसं लिहा, अमुक तारखेच्या तुमच्या अर्जावरून आणि दोघांच्या संमतीने. नाहीतर उद्या वाचणाऱ्याला वाटेल की कंपनीनेच तास कापले. आणि नुसतं "अर्धवेळ" लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. आठवड्याला किती तास, कोणते वार, किती ते किती, जेवणाची सुट्टी धरून की सोडून, हे लिहा. तुमचे आत्ताचे ४० तास जेवणाची सुट्टी सोडून आहेत का ते आधी बघा, कारण पुष्कळ ठिकाणी पूर्णवेळवाल्याची सुट्टी बाजूला काढतात आणि अर्धवेळवाल्याची मोजतात, किंवा उलट, आणि मग भागाकारच चुकतो.

दुसरं वाक्य, "त्या प्रमाणात". कशाच्या प्रमाणात? तासांच्या की दिवसांच्या? तुमच्या केसमध्ये तीन पूर्ण दिवस आहेत म्हणून दोन्ही सारखंच येतं. पण समजा त्या म्हणाल्या की त्यापेक्षा पाचही दिवस येते, पाच-पाच तास. ते झाले २५ तास. पगार मात्र कुणीतरी "तीन दिवसांचा" म्हणून ३०,०००च ठेवला तर ती गुपचूप पगारकपात झाली. म्हणून मी नेहमी ताशी दर काढून बघते. पूर्णवेळ ५०,००० गुणिले १२ भागिले २,०८० तास (५२ आठवडे गुणिले ४०), येतात २८८.४६. अर्धवेळ ३०,००० गुणिले १२ भागिले १,२४८ तास, पुन्हा २८८.४६. जुळलं. पण २५ तासांना ३०,००० दिले तर १,३०० तासांवर २७६.९२ येतात. दोन दर जुळले नाहीत की समजायचं कुठेतरी गडबड आहे.

तिसऱ्या वाक्यावर रात्री लिहिते, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सरळ_गणित
म्हणजे माझं बरोबरच आहे की, ०.६.

पगारपत्रक
पगाराचं बरोबर आहे. पुढे कमावल्या जाणाऱ्या रजेचंही. पण शिल्लक रजा ०.६ ने गुणायची नाही हो! ती रजा त्यांनी पूर्णवेळ काम करून आधीच मिळवलेली आहे. कागदी_घोडा, वर्षाला किती रजा आहे आणि जूनअखेर किती शिल्लक राहणार?

कागदी_घोडा
वर्षाला २०, वर्ष जानेवारीपासून. पहिल्या सहामाहीच्या १० झाल्या, त्यातल्या ४ घेतल्यात, ६ उरल्या.

पगारपत्रक
मग तासांत मांडा. ६ दिवस गुणिले ८ म्हणजे ४८ तास शिल्लक, याला हात लावायचा नाही. पुढच्या सहामाहीत पूर्णवेळवाल्याला ८० तास मिळाले असते, त्यांना ०.६ ने ४८. एकूण ९६ तास, म्हणजे त्यांचे १२ कामाचे दिवस, म्हणजे चार आठवडे सुट्टी घेता येईल. सरळ_गणित यांच्या पद्धतीने शिल्लक ६ चे ३.६ दिवस झाले असते, २.४ दिवस कमावलेली रजा हवेत गेली असती. पगारपत्रकावर ३.६ आकडा दिसला की माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की माझ्या रजा कुठे गेल्या.
तासांतच ठेवायचं कारण असं की त्या परत पूर्णवेळ झाल्या किंवा मध्येच दिवसाची लांबी बदलली तरी तासाचा तास राहतो. दिवसांत लिहिलंत की दरवेळी "कोणता दिवस, आठ तासांचा की पाच तासांचा" हा वाद.

सरळ_गणित
ठीके, हे पटलं. शिल्लक तशीच.

वकिली_खाक्या
एक भर घालतो. संमतीचा मुद्दा नुसता शिष्टाचाराचा नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अर्धवेळ कामावरचा १९९४ चा करार आहे, क्रमांक १७५, त्यातही म्हटलंय की पूर्णवेळवरून अर्धवेळवर किंवा उलट जाणं हे मर्जीने असावं, त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण तत्त्व म्हणून बहुतेक ठिकाणी हेच धरतात. तेव्हा पत्राच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या, आणि त्यांचा मूळ अर्ज सोबत जोडलेला. तोंडी काही नको. शिवाय तुमच्याकडच्या कायद्यात अर्धवेळसाठी किमान काही ठरवलेलं असेल तर पत्राने त्याच्या खाली जाता येत नाही, वर जाता येतं.

उंबरठा
हा धागा बघून राहवलं नाही. मी या सगळ्यातून गेलेय, दुसऱ्या बाजूने. मी आधीच्या नोकरीत (नाव नको) सव्वादोन वर्षं अर्धवेळ होते. पत्र अगदी असंच होतं, "पुढे विचार केला जाईल". मी परत पूर्णवेळ मागितलं तेव्हा कळलं की माझ्या उरलेल्या वेळेसाठी एक पूर्णवेळ माणूस पर्मनंट घेऊन झालाय, बजेटमध्ये जागाच नाही. मॅनेजर म्हणाले आम्ही विचार केला, नाही जमत. आणि खरंच, पत्रात विचार करू एवढंच होतं, विचार त्यांनी केला, संपलं. वर काम किती कमी झालं होतं तर शून्य. तीन दिवस पगार आणि पाच दिवसांचे ईमेल, महिनाअखेरीचं क्लोजिंग तर पूर्ण माझ्याच गळ्यात, सुट्टीच्या दिवशी फोन आला तर "फक्त दोन मिनिटं" म्हणून सुरू व्हायचा. कागदी_घोडा दादा, तुमच्या मॅडम अकाउंट्समध्ये आहेत, महिन्याची शेवटची आणि पहिली तारीख त्यांच्या सुट्टीच्या वारी आली तर काय करणार ते आत्ताच ठरवा.

कागदी_घोडा
बापरे. क्लोजिंगचा विचारच केला नव्हता. त्यांना सोमवार मंगळवार बुधवार हवेत.

पगारपत्रक
उंबरठाताईंनी माझं अर्धं काम केलं. तिसरं वाक्य, "विचार केला जाईल". याला काहीही किंमत नाही, याने कंपनी बांधली जात नाही आणि कर्मचारीही निर्धास्त होत नाही. परत येण्याचं कलम लिहिताना चार-पाच प्रश्नांची उत्तरं त्यातच आली पाहिजेत.

एक, व्यवस्था कधी संपते. तारीख घाला, ३० जून, पुढचं वर्ष. दोन, त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही तर काय होतं. हा प्रश्न सगळे विसरतात. माझ्या मते गप्प राहिलं तर आपोआप पूर्णवेळ, आणि अर्धवेळ पुढे चालू ठेवायचं असेल तर नवीन लेखी करार. उलट लिहिलं तर अर्धवेळ तसंच लोंबकळत राहतं आणि दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही काय ठरलं होतं. तीन, लवकर यायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, ६० दिवस ठीक वाटतात. चार, परत आल्यावर तेच पद की "समकक्ष". कंपन्यांना समकक्ष आवडतं, चालेल, पण मग दर्जा आणि पगार आत्ताच्यापेक्षा कमी नसेल असं लिहा. पाच, पगार कोणता. इथे फसतात लोक. वर्षभरात पगारवाढ झाली तर ती ३०,००० वर द्यायची आणि परत आल्यावर पुन्हा जुने ५०,०००? नाही. फाइलमध्ये पूर्णवेळ मूळ पगार ५०,००० हा जिवंत ठेवायचा, वाढ त्याच्यावर द्यायची, अर्धवेळ पगार त्यातून ०.६ ने काढायचा. समजा ८ टक्के वाढ झाली तर मूळ ५४,०००, हातात ३२,४००, आणि परत आल्या की ५४,०००.

आणि हे सगळं लिहून उरलेल्या १६ तासांसाठी कायमचा माणूस घेतलात तर कलमाचा कागद होतो. तात्पुरता घ्या, मुदत त्याच ३० जूनला संपणारी.

वकिली_खाक्या
याला कायद्याचा आधार असलेलं उदाहरण हवं असेल तर जर्मनीत २०१९ पासून अशी तरतूद आहे, एक ते पाच वर्षं मुदतीचं अर्धवेळ आणि मुदत संपली की पूर्वीच्या तासांवर परत. पण ४५ पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्यांनाच ते लागू. छोट्या ऑफिसांना तिथेही सूट आहे, कारण १५ माणसांत एकाची जागा वर्षभर राखून ठेवणं खरंच अवघड असतं. त्यामुळे कागदी_घोडा यांच्या साहेबांनी स्वतःहून तारीख दिली तर ती मोठी गोष्ट आहे, पण दिली तर पाळावी लागेल हेही त्यांना सांगा.

सरळ_गणित
बरं, पगार आणि रजा झालं, आता विमा काय करायचं ते सांगा, कारण तिरक्याने माझी टर उडवली पण उत्तर कुणीच दिलं नाही.

पगारपत्रक
विमा ०.६ होत नाही, तो एकतर असतो किंवा नसतो. ग्रुप पॉलिसीच्या कागदात "पात्र कर्मचारी" म्हणजे आठवड्याला किमान इतके तास काम करणारा असं लिहिलेलं असतं. त्या आकड्याच्या खाली गेलं की पत्रात तुम्ही काहीही कबूल करा, क्लेमच्या वेळी विमा कंपनी हात वर करते आणि मग दवाखान्याचं बिल कंपनीच्या गळ्यात येतं. म्हणून पत्र सही व्हायच्या आधी विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एजंट फोनवर "होतं हो" म्हणाला तर ते धरू नका.
दुसरं, हप्त्यातला कर्मचाऱ्याचा वाटा. तो समजा २,५०० असेल तर ५०,००० मध्ये तो ५ टक्के होता, ३०,००० मध्ये ८ टक्क्यांच्या वर जातो. कपात बदलत नाही, पगार बदलतो. हे त्यांना आधी सांगितलेलं बरं. पगारातून काही अॅडव्हान्सचा हप्ता जात असेल तर तोही तसाच.

कागदी_घोडा
अॅडव्हान्स आहे त्यांचा! महिन्याला ५,००० जातात. बरं झालं बोललात. विमा कंपनीला ईमेल टाकतो आजच. फोन बिल आणि प्रवासभत्त्याचं काय?

तिरका_कोन
फोन तीन दिवसांचा असतो का? फोन पूर्ण द्या. प्रवास जितके दिवस येतील तितका. याला गणित कशाला.

पगारपत्रक
तिरका_कोन बरोबर बोलतायत, आज पहिल्यांदाच.

आणखी एक फार मोठी गोष्ट सांगायची राहिली. नोकरी सोडताना मिळणारी रक्कम जर "शेवटच्या पगारावर" मोजत असाल तर बघा काय होतं. समजा तुमच्याकडे दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार असा नियम आहे. आठ पूर्णवेळ वर्षं, ५०,००० वर म्हणजे ८ गुणिले २५,०००, दोन लाख. आता अर्धवेळचं वर्ष संपताना त्यांनी नोकरी सोडली आणि तुम्ही शेवटचा पगार ३०,००० धरलात तर त्याच आठ वर्षांचे ८ गुणिले १५,०००, एक लाख वीस हजार. एक वर्ष कमी तास केले म्हणून आधीच्या आठ वर्षांतले ८०,००० गेले. हे कुणी मुद्दाम करत नाही, सॉफ्टवेअर शेवटची स्लिप उचलतं आणि होतं. पत्रात एक ओळ हवी, ३० जूनपर्यंतच्या सेवेची रक्कम पूर्णवेळ पगारावर मोजली जाईल, त्यानंतरच्या अर्धवेळ काळाची त्या प्रमाणात. वर्षाच्या बोनसलाही तेच, सहा महिने ५०,००० आणि सहा महिने ३०,०००, सरासरी ४०,००० धरा, डिसेंबरची स्लिप धरू नका.

उंबरठा
हे माझ्या बाबतीत झालं होतं असं आता वाटायला लागलंय... तेव्हा मी आकडा बघून सही केली होती. जाऊ दे.

निवांत_एकदाचा
एक शंका, यावेळी पूर्ण वाचलंय. सार्वजनिक सुट्ट्यांचं काय? सोमवारी सुट्टी आली तर त्यांना तीनातला एक दिवस फुकट, आणि गुरुवारी आली तर काहीच नाही?

पगारपत्रक
छान प्रश्न, आणि त्यांना सोमवार हवाय म्हणजे तुमच्याकडे हा वाद नक्की निघणार. वर्षाला १० सुट्ट्या धरा, ८० तास, त्याच्या ०.६ म्हणजे ४८ तासांचा एक गल्ला त्यांच्या नावावर ठेवायचा. सुट्टी त्यांच्या वारी आली की ८ तास त्यातून वजा. वर्षात सात सुट्ट्या त्यांच्या वारी आल्या तर ५६ तास लागले, जास्तीचे ८ रजेतून. तीनच आल्या तर २४ तास उरले, ते तीन दिवस त्या कधीही घेऊ शकतात. बाकीच्या स्टाफला पण हे न्याय्य वाटतं. काही जण एवढी कटकट नको म्हणून "ज्या वारी आली त्याला मिळाली" एवढंच ठेवतात, तेही चालतं, पण मग वार ठरवताना दोघांना ते माहीत असू दे.

कागदी_घोडा
अपडेट. विमा कंपनीचं उत्तर आलं आणि डोकं फिरलं. पॉलिसीत किमान २५ तास आहेत! २४ वर मॅडम बाहेर पडल्या असत्या. नशीब आधी विचारलं. मॅडमशी बोललो, त्या म्हणाल्या एक तास वाढवते काही प्रॉब्लेम नाही, रोज २० मिनिटं जास्त बसेन. म्हणजे तीन दिवस, रोज ८ तास २० मिनिटं. मग प्रमाण ०.६२५, पगार ३१,२५०. सरळ_गणित, तुमचा ०.६ गेला.

सरळ_गणित
३१,२५० गुणिले १२ भागिले १,३०० = २८८.४६. जुळतंय. मी चेक केलं.

वकिली_खाक्या
जरा थांबा. बरोबर २५ वर ठेवणं मला धोक्याचं वाटतं. पॉलिसी ठरलेले तास बघते की प्रत्यक्ष केलेले? प्रत्यक्ष बघत असेल तर एका आठवड्याची बिनपगारी रजा आली की सरासरी २५ च्या खाली. तेवढंही लेखी विचारून घ्या, नाहीतर २६ करा.

कागदी_घोडा
विचारलं, ते म्हणतात नियुक्तीच्या पत्रातले ठरलेले तास धरतात. हे पण ईमेलवर आहे. आता हा माझा दुसरा मसुदा, साहेबांना द्यायच्या आधी फाडून काढा:

"प्रति, (कर्मचाऱ्याचे नाव)
विषय : ठरावीक मुदतीसाठी कामाचे तास कमी करण्याबाबत
आपल्या (तारीख) च्या अर्जानुसार व उभयपक्षी संमतीने १ जुलैपासून पुढील वर्षाच्या ३० जूनपर्यंत आपले कामाचे तास आठवड्याला ४० ऐवजी २५ राहतील (सोमवार ते बुधवार, रोज ८ तास २० मिनिटे, जेवणाची सुट्टी वगळून). आपले पद व सेवेची सलगता कायम राहील.
आपला पूर्णवेळ मूळ पगार ५०,००० नोंदीत कायम राहील व वेतनवाढ त्यावर दिली जाईल. या मुदतीत देय पगार त्याच्या ६२.५ टक्के, म्हणजे दरमहा ३१,२५० राहील. पूर्वपरवानगीने २५ तासांपेक्षा जास्त काम केल्यास ४० तासांपर्यंत नेहमीच्या ताशी दराने मोबदला मिळेल, त्यापुढे अतिरिक्त कामाचे लागू नियम राहतील.
३० जूनअखेर शिल्लक असलेली ४८ तास रजा तशीच राहील. पुढील रजा वर्षाला १०० तास या दराने जमा होईल. सार्वजनिक सुट्ट्यांसाठी वर्षाला ५० तास स्वतंत्र राहतील. गट विमा सुरू राहील, हप्त्यातील आपला वाटा बदलणार नाही. फोन भत्ता पूर्ण, प्रवासभत्ता हजेरीच्या दिवसांप्रमाणे. अॅडव्हान्सचा हप्ता दरमहा ५,००० ऐवजी ३,००० राहील.
या वर्षीच्या ३० जूनपर्यंतच्या सेवेबद्दल देय रकमा पूर्णवेळ पगारावर मोजल्या जातील.
मुदत संपल्यावर आपण आपोआप याच पदावर, त्या वेळच्या पूर्णवेळ पगारावर ४० तास रुजू व्हाल. मुदतीपूर्वी परत यायचे असल्यास ६० दिवस आधी लेखी कळवावे. मुदत वाढवायची असल्यास नवीन लेखी करार करावा लागेल.
कंपनीला कामाची गरज भासल्यास ३० दिवसांच्या सूचनेवर आपणांस पूर्णवेळ रुजू व्हावे लागेल."

शेवटचं वाक्य साहेबांचं आहे.

उंबरठा
शेवटचं वाक्य काढा. त्यांनी तास कमी केलेत ते काहीतरी कारण आहे म्हणूनच ना, ३० दिवसांत त्या कारणाचं काय करणार त्या? नाही आल्या तर काय, नोकरी गेली? ते तर लिहिलेलंच नाही.

वकिली_खाक्या
कंपनीच्या बाजूनेही बघा, एकुलती एक अकाउंट्सची व्यक्ती आहे, ऑडिट आलं तर? मी अशी कलमं पाहिली आहेत. पण "व्हावे लागेल" च्या पुढे नकार दिल्यावर काय हे लिहिलं नाही तर उंबरठाताई म्हणतात तेच होणार.

पगारपत्रक
मसुदा चांगला झालाय. त्या शेवटच्या वाक्याबद्दल मला वाटतं "विनंती करता येईल, निर्णय संमतीने" एवढंच ठेवावं. ऑडिटची अडचण असेल तर ते चार आठवडे आधीच ओळखता येतात, तेवढ्या काळासाठी जादा तास आधीच ठरवून पत्रात घाला. पण तुमचे साहेब ऐकतील असं नाही.
दोन गोष्टी राहिल्या. कामातून काय कमी होणार ते कुठेच नाही. पाच दिवसांच्या कामातलं कोणतं काम कुणाकडे गेलं याचं एक पान जोडा, बिलं पोस्ट करणं आणि बँक जुळवणी तात्पुरत्या माणसाकडे, क्लोजिंग मॅडमकडे, आणि क्लोजिंग त्यांच्या वारी नसेल तर पुढच्या सोमवारी, असं काहीतरी. मग तीन महिन्यांनी टाइमशीट बघा. सलग तीन-चार आठवडे २८-३० तास दिसले किंवा गुरुवार-शुक्रवारी त्यांचे ईमेल दिसले तर काम कमी झालेलंच नाही, फक्त पगार झालाय. मग एकतर काम काढा नाहीतर तास आणि पगार वाढवा.
आणि मॅडम ६० दिवसांत लवकर परत येऊ शकतात पण तात्पुरत्या माणसाचा करार वर्षाचा, तर दोघांचा पगार एकदम द्यावा लागेल. त्याच्या करारातही ६० दिवसांच्या नोटिशीने संपवायची सोय ठेवा.

तिरका_कोन
म्हणजे मॅडम पाचव्या महिन्यात परत आल्या तर त्या तात्पुरत्या माणसाने धागा काढायचा.

कागदी_घोडा
कामाचं पान आज बनवलं, मॅडमनीच बनवलं खरंतर, माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहितीये. साहेब ३० दिवसांवर अडलेत. मॅडम म्हणाल्या ४५ दिवस आणि फक्त ऑडिटच्या महिन्यात, आणि नकार दिला तर नोकरीवर परिणाम नाही, असं असेल तर सही करते. साहेब म्हणतात मग कलमाचा उपयोगच काय. दोघांचं बोलणं उद्या आहे. १ जुलैला अजून नऊ दिवस आहेत, तोपर्यंत नाही ठरलं तर ते वाक्य गाळून बाकीच्यावर सह्या घ्यायच्या का?

वकिली_खाक्या
हो, गाळून घ्या. पण "याबाबत नंतर ठरवू" असं अजिबात लिहू नका.

उंबरठा
आणि सह्या होईपर्यंत तास कमी करू नका. माझं पत्र दोन महिन्यांनी आलं होतं.

सरळ_गणित
कुणाला हवं असेल तर मी शीट बनवलीये, तास टाकले की पगार, रजा, सुट्टीचे तास आणि ताशी दराचा ताळा येतो. शिल्लक रजेला गुणत नाही, खात्री करून घेतली.